नाव कानाने निवडावं

गेम खेळणारी आजची पोरं आपलं युजरनेम डोळ्यांनी निवडतात. माझं स्पष्ट मत असं की ते कानांनी निवडायला हवं. पडद्यावर चारच माणसं ते नाव वाचतात, पण हेडफोनमधून ते रात्रभर पुकारलं जातं. जे नाव पुकारता येत नाही आणि ऐकून लिहिता येत नाही, ते कितीही भारदस्त दिसो, नाव म्हणून निरुपयोगीच.

मंडळी म्हणतील, सरकारी कचेरीतल्या कारकुनाला या भानगडीत पडायचं कारण काय? कारण दोन. पहिलं म्हणजे माझा भाचा. म्हापशाला असतो, कॉलेजात आहे, व्हॅलोरंट खेळतो आणि आता यूट्यूबवर स्वतःचा खेळ दाखवायचा म्हणतो. मागच्या पावसाळ्यात तो नावाच्या शोधात माझ्याकडे येऊन बसला होता. दुसरं कारण म्हणजे माझी नोकरी. एकाच माणसाचं नाव रोमी अक्षरांत किती तऱ्हांनी लिहिता येतं आणि त्यापायी त्या माणसाला किती खेटे घालावे लागतात, हे मी वीस वर्षं टेबलाच्या या बाजूने पाहतो आहे.

गोव्यातल्या माणसाला हे निराळं सांगायला नको. आपण डिचोली म्हणतो आणि पाटीवर Bicholim वाचतो. साखळीचं Sanquelim, केप्याचं Quepem. कामतांचं जुन्या दप्तरात Camotim होतं आणि प्रभूंचं Porobo. बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं, ही आपली पिढीजात सवय. गावाच्या बाबतीत ते खपून जातं, कारण गाव जागचं हलत नाही. पण ज्याचं अख्खं अस्तित्वच एका टाईप केलेल्या शब्दात आहे, त्या खेळाडूचं काय? "मला ॲड कर, नाव अमुक" असं त्याने हेडफोनमधून सांगितलं आणि समोरच्याने एक अक्षर चुकवलं, तर त्याला भलताच माणूस सापडतो, किंवा कोणीच सापडत नाही.

भाच्याचं पहिलं नाव मोबाइलवर खेळायच्या दिवसांतलं होतं. दोन्ही बाजूंना वेलबुट्टीसारख्या खुणा, मध्ये उलटीपालटी अक्षरं, आणि त्या सगळ्यात कुठेतरी KILLER. दिसायला लग्नपत्रिका! अशी अक्षरं कळफलकावर नसतात. ती कुठून तरी उचलून चिकटवायची असतात. त्यामुळे मित्राला ते नाव शोधायचं तर त्यालाही ती वेलबुट्टी कुठून तरी उचलावी लागते. खेळताना त्याला सगळे "ए किलर" म्हणत, आणि एका सामन्यात असे तीन किलर असत.

त्यातच २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय या नावाने तो खेळ परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. या येण्याजाण्यात भाच्याची टोळी पांगली. बेळगावचा एक मुलगा तेवढा परत भेटला, तोही केवळ त्याचं नाव साधं असल्यामुळे आणि दुसरीकडेही तेच असल्यामुळे. खेळ जातात, कंपन्या नियम बदलतात, आणि माणसं एकमेकांना नावावरून शोधतात. एकच नाव चार-पाच ठिकाणी हवं, या हट्टामागे एवढंच कारण आहे, पण ते पुरेसं आहे.

आता 'जोरदार' म्हणजे काय ते पाहू. पोरांना वाटतं, जोर अर्थात असतो. म्हणून Shadow, Killer, Demon, नाहीतर Rudra, Tandav. माझं म्हणणं, जोर ध्वनीत असतो. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड या दोघांनी २००१ मध्ये मांडलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक टोकदार आकृती आणि एक गोलमटोल आकृती दाखवून विचारायचं, यातली 'किकी' कोण आणि 'बुबा' कोण? बहुतेक सगळे टोकदार आकृतीला किकी म्हणतात. क, ट, त, प या अक्षरांना हवा अडते आणि फटकन सुटते, कानाला तो आघात कळतो. म, ल, व यांना आघात नाही. मराठीत तर हे आपण रोज वापरतो. टोला, दणका, तडाखा, फटका, खडक, कडा. मारामारीचे शब्द असेच का, हे कोणी शिकवावं लागत नाही. शेवट बंद अक्षरावर झाला तर आणखी बरं, म्हणजे पुकारणाऱ्याचा आवाज तिथे तुटतो आणि नाव संपल्याचं कळतं. लांबी दोन-तीन अवयवांची. त्याहून लांब नाव खेळात कोणी पूर्ण घेत नाही. ते आपल्या सोयीने तोडून घेतात, आणि तुटलेला तुकडा काय असेल हे मग आपल्या हातात राहत नाही.

मोठ्या खेळाडूंची नावं पाहिली तर हेच दिसतं. आपल्या आदित्य सावंतचं 'डायनॅमो' घ्या. तीन अवयव, ड-न-म, मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत कोणालाही म्हणता येतं. कोरियाचा ली सांग-ह्योक 'फेकर' म्हणून जगभर गाजला, आणि गंमत म्हणजे कोरियन भाषेत 'फ' हा ओठ-दातांचा ध्वनीच नाही, तिथले लोक 'पेइको'सारखं काहीतरी म्हणतात. तरी नाव मोडत नाही. उलट युक्रेनचा s1mple पाहा. म्हणायचं 'सिंपल', लिहायचं एकचा आकडा घालून. ऐकून कोणी ते लिहू शकत नाही. तो जगज्जेता, म्हणून लोकांनी पाठ केलं. म्हापशाच्या मुलासाठी कोण पाठ करणार?

भाच्याला मराठी नाव हवं होतं, याचा मला अर्थातच आनंद झाला. लिपीचा प्रश्न मात्र लगेच आला. एक्सबॉक्सवर २०१९ पासून देवनागरी अक्षरांतही नाव घेता येतं. पण परदेशातल्या साथीदाराच्या कळफलकावर देवनागरी नसतं, आणि इतर अनेक ठिकाणी युजरनेमला साधी रोमी अक्षरंच चालतात. तेव्हा शब्द मराठी आणि अक्षरं रोमी, असा तह केला. (रोमी-देवनागरीचा आपला जुना वाद इथे कोणी उकरू नये ही विनंती.)

तह केला खरा, पण रोमीत मराठी लिहिताना किती ठिकाणी पाय घसरतो ते मोजायला बसलो आणि थक्क झालो. 'व' साठी v की w? 'फ' साठी ph की f? 'ई' साठी i की ee, 'आ' साठी a की aa? 'ळ' तर रोमीत नाहीच, काला आणि काळा एकच. आणि 'ह' जोडून होणारी आपली सगळी रुबाबदार अक्षरं, घ, भ, ध, ख, यांच्यातला h ऐकणारा हमखास गाळतो. म्हणजे ज्या अक्षरांत मराठीचा खरा भार, तीच इथे गळतीची.

भाच्याची पहिली पसंती होती वाघनख. मी म्हटलं, परीक्षा घेऊ. परीक्षा अशी की पाच माणसांना फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं, अर्थ सांगायचा नाही, आणि त्यांनी ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. माणसं मुद्दाम निरनिराळी निवडली. कचेरीतली एक सासष्टीची ख्रिस्ती बाई, बेळगावचा कानडी मित्र, इंदूरची मावसबहीण, भाच्याचा हैदराबादचा साथीदार आणि फोंड्याचा आमचा एक शेजारी. वाघनखाची उत्तरं आली ती Waghnakh, Vaghnakh, Wagnak, Vagnak आणि Vaagnakh. पाच माणसं, पाच नावं. भाचा गप्प झाला.

मग मी सुचवलं टकमक. रायगडाचं टकमक टोक कोणाला ठाऊक नाही? शिवाय दुरून नेम धरणाऱ्याने टकमक पाहावं हेही खरंच. अक्षरं बहुतेक कडक, त्यात h नाही, v नाही. पाचांपैकी तिघांनी Takmak असंच लिहिलं. मला वाटलं जमलं. पण नाव घेण्याआधी ते नुसतं शोधयंत्रात टाकून पाहायचं असतं, आणि चित्रंही पाहायची असतात. टाकलं, तर रायगड राहिला बाजूला. takmak हे तुर्की भाषेतलं अगदी रोजचं क्रियापद निघालं, अर्थ 'लावणे, घालणे'. शिवाय रशियात क्रास्नोयार्स्कजवळ त्याच नावाचा एक प्रसिद्ध सुळका आहे. म्हणजे रायगडाच्या कड्याला दूर सैबेरियात नामबंधू! गंमत वाटली, पण एखाद्या मोठ्या भाषेतला रोजचा शब्द असला की ते नाव कोणी ना कोणी घेतलेलं असतंच, आणि शोधणाऱ्याला आपण कधी सापडत नाही. पुढे टोक जोडून TakmakTok करू म्हटलं, तर भाचा म्हणाला, "मामा, लोक टिकटॉक म्हणटले." तेही खरंच.

कातळ हा शब्द मला फार आवडतो. आपल्या भूमीचा शब्द आहे. Katal असं लिहिलं तर हिंदीवाल्याला त्यात 'कत्ल' ऐकू येतो, ते एक वेळ चालेल. पण इंग्रजी कानाला तो cattle ऐकू येण्याची भीती. रणांगणात "कॅटल, पुढे हो" असं कोणी म्हटलं तर पोराने काय करावं?

तेव्हा मी जरा वेगळ्या वाटेने गेलो. म्हटलं, अर्थ सोडून दे. आपल्या गोव्यातला असा शब्द शोध, जो बाहेरच्या कानाला जबरदस्त वाटेल आणि बाहेरच्या कोणाला मुळात सुचणारच नाही. आम्ही मासे, झाडं, वाडे, हत्यारं करत करत आंब्यांवर आलो आणि मी म्हटलं, मानकुराद.

भाचा खो खो हसला. "आंब्याचं नांव?" पण ज्याला तो आंबा माहीत नाही त्याच्या कानाने ऐका: मान-कु-राद. एखाद्या दैत्याचं नाव वाटतं की नाही? पुढचं 'मान' शांत, मग 'क'चा आघात, आणि शेवटी 'द'वर दार बंद. बाहेरचा माणूस शेवटी 'ड' म्हणाला तरी रोमीत अक्षर तेच, d. आणि घाईत कोणी अर्धंच घेतलं तर काय उरतं? कुराड! कोकणीत कुराड म्हणजे काय ते कोकणी माणसाला सांगायला नको. मूळ शब्द पोर्तुगीज 'मालकोराद', म्हणजे नीट रंग न चढलेला, असं सांगतात. म्हणजे शिवी खाऊन राजा झालेला आंबा. हे ऐकल्यावर भाचा जरा विचारात पडला.

पाच फोन पुन्हा केले. चौघांनी Mankurad लिहिलं, एकीने Mancurad. ती एक म्हणजे अर्थातच सासष्टीची बाई, कारण तिने तो शब्द बाजारात c घालूनच वाचलेला. ही या नावाची खरी उणीव. ज्याला आंबा ठाऊक आहे तोच चुकतो, ज्याला ठाऊक नाही तो बरोबर लिहितो. पण भाच्याचे साथीदार बहुतेक गोव्याबाहेरचे, तेव्हा k पक्का केला. l, मोठा I, शून्य आणि O, म्हणजे पडद्यावर एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं, यांतलं एकही त्यात नाही, हा आणखी एक फायदा. असली अक्षरं असली की कोणीतरी तुमच्यासारखंच दिसणारं नाव घेऊन तुमच्या मित्रांना गंडवू शकतो.

यानंतरचा भाग मिळण्या-न मिळण्याचा. इथे पोरं एक गोष्ट समजून घेत नाहीत, ती म्हणजे 'नाव' या एका शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू असतात. एक दाखवायचं नाव, ते कितीही जणांचं सारखं असू शकतं. दुसरं ओळखीचं नाव, ते जगात एकाचंच. स्टीमवर मित्रांना दिसतं ते पहिल्या प्रकारचं, केव्हाही बदला. व्हॅलोरंटमध्ये नावामागे # देऊन तीन ते पाच अक्षरांची शेपटी असते, त्यामुळे शेपटी वेगळी असली की एकच नाव दोघांना मिळतं. एक्सबॉक्सवरही आता नाव गेलेलं असेल तर मागे आकडे लावून देतात. डिस्कॉर्डवर २०२३ पर्यंत असंच होतं, नावामागे चार आकडे, म्हणजे एका नावाची जवळजवळ दहा हजार माणसं नांदत. त्या वर्षी त्यांनी आकडे काढले आणि प्रत्येकाला छोट्या लिपीतलं, जगात एकमेव असं नाव घ्यायला लावलं. यूट्यूबचं @ लावलेलं हँडल आणि ट्विच, प्लेस्टेशन यांची नावंही एकमेवच.

म्हणून तपासायचा क्रम उलटा हवा. पोरं आधी जिथे खेळतात तिथे नाव घेतात, मग एकेक दुसरीकडे जाऊन अडतात. आधी एकमेव नावाच्या जागा पाहाव्यात, शेपटीवाल्या जागा मागाहून. आणि ते नाव असलेलं पान उघडत नाही म्हणून नाव मोकळं, असं समजू नये. बंद केलेल्या किंवा कारवाई झालेल्या खात्याचं पानही उघडत नाही, पण नाव अडकलेलंच असतं. खरं उत्तर नाव नोंदवायच्या किंवा बदलायच्या चौकटीतच मिळतं. आमच्या कचेरीत म्हणतात तसं, तोंडी चौकशीला अर्थ नाही, अर्ज आत टाकल्यावरच काय ते कळतं.

लांबी आणि चिन्हं यांचे नियमही प्रत्येकाचे निराळे. सगळ्यांत आखूड एक्सबॉक्स, १२ अक्षरं. प्लेस्टेशन आणि व्हॅलोरंट १६. डिस्कॉर्डला टिंब चालतं पण आडवी रेघ चालत नाही, प्लेस्टेशनला रेघ चालते पण टिंब नाही. हे सगळं पाठ करायची गरज नाही. १२ अक्षरांच्या आत, अक्षराने सुरुवात आणि फक्त साधी अक्षरं, एवढं पाळलं की नियमांपायी कुठे अडत नाही.

चिन्हं टाळायचं कारण नियमापेक्षा कानाचं आहे. "मानकुराद, मध्ये अंडरस्कोर, शेवटी दोन झिरो, पण एक झिरो म्हणजे ओ" हे गोळ्या सुटत असताना कोण सांगणार आणि कोण ऐकणार?

आता आमची अडचण. Mankurad हे नाव बहुतेक ठिकाणी मोकळं होतं, आणि एका ठिकाणी गेलेलं. भाच्याचं म्हणणं, तिथे मागे 07 लावू. मी ठाम नाही म्हटलं. एक तर आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसरं म्हणजे त्याला सुचलेला आकडा त्याच्या जन्मवर्षाचा होता. नाव आणि जन्मसाल या दोन गोष्टींवर आमच्या टेबलावर माणसाची अर्धी ओळख पटते. ती बाजारात कशाला मांडायची? गाव, आडनाव, जात आणि जन्मसाल, या चार गोष्टी खेळातल्या नावात नकोतच. मुलींच्या बाबतीत तर दुप्पट नकोत.

माझं मत असं की चार ठिकाणी कोरं नाव आणि पाचव्या ठिकाणी शेपटीचं, यापेक्षा पाचही ठिकाणी सारखंच थोडं लांब नाव केव्हाही बरं. "मी सगळीकडे याच नावाने आहे" हे एक वाक्य म्हणता आलं पाहिजे. जोड द्यायचीच तर उच्चारता येणाऱ्या शब्दाची द्यावी, आणि तो शब्द असा असावा की त्याचं स्पेलिंग सगळ्या देशाला पाठ आहे. राजा! आंब्याचा राजा म्हणा नाहीतर नुसताच. RajaMankurad, मोजून १२ अक्षरं, एक्सबॉक्सच्या काठोकाठ. पाच फोन तिसऱ्यांदा केले नाहीत. बेळगावचा मित्र आता उचलला नसता.

नाव ठरलं त्याच रात्री एका बैठकीत सगळीकडे नोंदवून टाकलं. यात आळस करू नये. प्लेस्टेशनची नावं २००६ पासून २०१९ पर्यंत बदलताच येत नव्हती. पोराने बाराव्या वर्षी घेतलेलं नाव पंचविशीतही तेच. आता बदलता येतं, पहिला बदल फुकट, पुढच्याला पैसे. ट्विचवर साठ दिवसांत एकदा बदलता येतं, पण सोडलेलं जुनं नाव निदान सहा महिने थांबवून पुन्हा बाजारात येऊ शकतं. मग ते दुसऱ्या कोणी घेतलं की तुमच्या जुन्या ओळखीवर तो फिरणार. स्टीमवर मात्र एक पथ्य पाळलं. तिथे आत शिरण्यासाठी लागणारं खात्याचं नाव पुढे कधी बदलत नाही आणि ते इतरांना दाखवायचंही नसतं, म्हणून तिथे RajaMankurad न देता भलतंच काहीतरी दिलं आणि बाहेर दिसणारं नाव तेवढं हे ठेवलं. दाराचं कुलूप आणि दारावरची पाटी एकच कशाला?

महिनाभराने भाच्याला विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, खेळात सगळे "कुराड" म्हणतात, हैदराबादवाला "राजाभाई" म्हणतो, आणि आंबा कोणालाच माहीत नाही. एकच घोळ झालेला. डिस्कॉर्डवर मोठी अक्षरं चालत नसल्याने तिथे ते rajamankurad असं सलग दिसतं. एका नागपूरच्या मुलाने ते आपल्या परीने फोडून वाचलं आणि दोन दिवस तो याला अत्यंत अदबीने "राज अमन" म्हणत होता. मग भाच्याने तिथल्या दाखवायच्या नावात R आणि M मोठे करून घेतले.